प्रतिज्ञा एक, निगमन दुसरेच

मराठीतील पीएच.डी.चा कोणताही बांधीव प्रबंध घ्यावा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी 'संशोधनाची गृहीतके' असे उपशीर्षक असते, त्याखाली पाच-सहा वाक्ये असतात आणि प्रत्येक वाक्य 'असावे', 'असावी' वा 'असावेत' यांपैकी कशाने तरी संपते. मग मधली तीनशे पाने बाजूला सारून शेवटचे प्रकरण उघडावे. तिथे निष्कर्ष असतात, बहुधा अकरा किंवा चौदा. पहिल्या प्रकरणातल्या गृहीतक क्रमांक तीनचे काय झाले, हे त्या चौदांत शोधू लागावे तर सापडत नाही. सापडते ते एक सरसकट वाक्य : 'प्रस्तुत संशोधनातील सर्व गृहीतके सत्य ठरली आहेत.' क्वचित एखादा प्रामाणिक संशोधक 'अंशतः सत्य ठरली' असे लिहितो आणि तोंडी परीक्षेत त्याबद्दल बोलणी खातो.

आमचा आक्षेप या सरसकट वाक्यावर आहे. विद्यार्थी आळशी आहेत किंवा मार्गदर्शक प्रबंध वाचत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात आम्हाला रस नाही. दोष रचनेतच आहे. जे विधान तपासायचे म्हणून मांडले, ते कशाने तपासणार हे कुठेच ठरलेले नाही. आणि ते ठरलेले नसल्यामुळे शेवटी दिलेला निर्णय नेमका कोणत्या विधानावरचा, हेही कोणाला सांगता येत नाही.

थोडा दोष शब्दाचाही आहे. 'गृहीतक' म्हणजे जे गृहीत धरले ते. भूमितीत आपण काही गोष्टी गृहीत धरतो आणि त्यांच्या आधाराने पुढे जातो. त्या तपासत नाही. संशोधनात जे तपासायचे असते, त्यालाही आपण तोच शब्द लावला आणि मग ते गृहीतच धरू लागलो. परिभाषेत 'अभ्युपगम' असा दुसरा शब्द आहे. न्यायशास्त्रात त्याचा अर्थ फार नेमका आहे : न तपासलेली गोष्ट, तिच्यातील एखादा विशेष तपासता यावा म्हणून, तात्पुरती मान्य करणे. तो शब्द जड वाटतो म्हणून आपण टाकला आणि त्याच्याबरोबर त्यातले 'तात्पुरते'पणही गेले. पुढे आम्ही 'अभ्युपगम' हाच शब्द वापरणार आहोत, वाचकांनी सोसावा.

न्यायशास्त्राचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी थोडे. अनुमानवाक्याचे पाच अवयव आपण भारतीय तर्कशास्त्राच्या ओझरत्या ओळखीत शिकलेले असतो : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. निगमनात प्रतिज्ञाच पुन्हा उच्चारायची असते. नवे काही सांगायचे नसते. आरंभी जे म्हटले होते तेच, आता हेतूच्या आधाराने, म्हणायचे असते. वादात माणूस हरला असे केव्हा समजावे, याची बावीस निग्रहस्थानेही न्यायसूत्रांनी सांगितली आहेत. त्यांत 'प्रतिज्ञान्तर' आहे, म्हणजे अडचणीत आल्यावर प्रतिज्ञा बदलणे. आणि 'हेत्वन्तर' आहे, म्हणजे दिलेला हेतू टिकत नाही असे दिसल्यावर त्यात नवे विशेषण घुसडणे. आपल्या प्रबंधांतील बहुतेक शेवटची प्रकरणे या दोन स्थानांवरच उभी आहेत. ज्याला आज जगभर 'आकडे पाहून अभ्युपगम लिहिणे' म्हणून नावे ठेवतात, त्याला आपल्याकडे दीड हजार वर्षांहून अधिक काळ नाव आहे, हे मराठीच्या प्राध्यापकांना सांगावे लागावे याची मौज वाटते.

आता एक असे उदाहरण, की जिथे हे सारे नीट झाले. ते महाराष्ट्रातलेच आहे आणि मराठी वाचकांना ओळखीच्या माणसांचे आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. (नारळीकर पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्या लोकांनी त्यांच्या विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहिले, या चाचणीविषयी मात्र साहित्यवर्तुळात फारसे कोणी बोलले नाही.) चाचणीचा अहवाल २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

'ज्योतिष खरे की खोटे' असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तसा विचारला असता तर वाद आजही चालूच राहिला असता, कारण त्या प्रश्नाला एक कसोटी नाही. त्यांनी ज्योतिषाच्या अनेक दाव्यांतून एकच उचलला : पत्रिकेवरून माणसाची बुद्धिमत्ता कळते. त्यासाठी शाळांतून शिक्षकांनी हुशार ठरवलेली शंभर मुले घेतली आणि विशेष शाळांतील, त्या वेळच्या शब्दांत 'मतिमंद', शंभर मुले घेतली. अशा दोनशे पत्रिका तयार झाल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, याची सांकेतिक नोंद पुणे विद्यापीठात कुंटे यांच्या ताब्यात बंद राहिली, म्हणजे चाचणी घेणारे आणि देणारे दोघेही अंधारात. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका मिळणार आणि त्याने प्रत्येकीवर 'हुशार' किंवा 'मतिमंद' एवढेच लिहायचे. चाळिसांपैकी किमान अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश, असे आधी ठरले.

हा अठ्ठावीसचा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. नाणे उडवून उत्तरे लिहिणाऱ्या माणसाची सरासरी वीस बरोबर येतील. कधी तेवीस, कधी सतरा. निव्वळ नशिबाने अठ्ठावीस किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. म्हणजे अठ्ठावीस आले, तर 'नशीब' हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. पण महत्त्वाची गोष्ट ही, की ही रेघ उत्तरपत्रिका येण्याआधी ओढलेली होती. पुढे काय झाले ते पाहा. एक्कावन्न ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगल्या उत्तरपत्रिकेत चोवीस बरोबर होत्या. सर्वांची मिळून बरोबरी सुमारे ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका घेतल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के. अभ्युपगम एक, कसोटी एक, निर्णय एक : पत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता आली नाही.

रेघ आधी ओढलेली नसती तर काय झाले असते? चोवीस म्हणजे साठ टक्के. कोणीही म्हटले असते, 'पाहा, निष्णात ज्योतिषी अर्ध्याहून अधिक ओळखतो.' उलट बाजूच्या एखाद्या उत्साही माणसाने ४६ टक्क्यांवर बोट ठेवून म्हटले असते, की ज्योतिषी नाण्याहूनही वाईट, म्हणजे त्यांचे भाकीत उलटे करून घ्यावे! हे दुसरे विधान आकड्यांतून निघाल्यासारखे दिसते, पण ते कोणाची प्रतिज्ञा नव्हती. शिवाय तेच दोनशे चेहरे निरनिराळ्या ज्योतिष्यांकडे फिरून फिरून गेलेले, त्यामुळे सगळी उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत आणि तो आकडा दिसतो तितका पक्काही नाही. ते तपासायचे तर नवी प्रतिज्ञा, नव्या पत्रिका, नवी चाचणी. विरोधकांचे प्रतिज्ञान्तर जितके वाईट तितकेच आपल्या बाजूचेही.

आणि एक बारीक गोष्ट. सत्तावीस नाणेफेके बसवले, तर त्यांतल्या निदान एकाला अठ्ठावीस मिळून जाण्याची शक्यता पाचात एक इतकी असते. तेव्हा एखाद्या ज्योतिष्याला अठ्ठावीस मिळाले असते, तरी त्याला पुन्हा नव्या चाळीस पत्रिका देऊन पाहणे योग्य झाले असते. कसोट्या वाढल्या की अपघाताने 'सत्य ठरण्या'च्या संधी वाढतात. पाच अभ्युपगम घेतले आणि प्रत्येकाला शेकडा पाच चुकीची मुभा दिली, तर पाचही खोटे असूनही त्यांतला किमान एक खरा ठरण्याची शक्यता शेकडा तेवीसच्या आसपास जाते. दहा घेतले तर शेकडा चाळीस. सहा-सहा, आठ-आठ गृहीतकांची माळ घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या चाचणीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जन्मवेळा पालकांकडून घेतलेल्या होत्या. एखाद्याने त्यावर आक्षेप घ्यावा. विवाह, धनयोग, मृत्यू यांविषयीच्या दाव्यांना हा निर्णय लागू नाही. पण कशाला लागू आहे आणि कशाला नाही, हे आपण इतक्या ठामपणे सांगू शकतो, ते प्रतिज्ञा अरुंद होती म्हणूनच.

'हे विज्ञानवाल्यांचे झाले. साहित्य म्हणजे प्रयोगशाळा नव्हे,' असे आमचे सहकारी म्हणतात. मान्य. मग अभ्युपगम लिहू नका. 'ग्रामीण कादंबरीत ग्रामजीवनाचे चित्रण आले असावे' हे वाक्य कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही. ज्या कादंबरीत ते नाही तिला आपण ग्रामीण म्हणतच नाही. कवितेचे वाचन करणाऱ्याने प्रश्न मांडावा, वाचन करावे, आपले म्हणणे पटवून द्यावे. ती वेगळी आणि प्रतिष्ठित वाट आहे. आराखड्याच्या नमुन्यात रकाना आहे म्हणून तिथे 'असावे'ची वाक्ये भरणे हा त्या वाटेचाच अपमान आहे. आमचे भांडण आहे ते जिथे मोजायचे असते तिथे न मोजता निर्णय देण्याशी. आणि मराठी विभागांत मोजण्याचे विषय भरपूर आहेत : बोली, वाचकसर्वेक्षणे, पाठ्यपुस्तके, शब्दसंपदा.

बोलीचेच घेऊ. आमचे जानेफळ मेहकर तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात येते. घाटाखाली वऱ्हाडी ठसठशीत. घाटावर मराठवाड्याचा वारा लागतो. एकाच ओट्यावर 'मले' आणि 'मला' दोन्ही ऐकू येतात. ('ळ'चा 'य' करणाऱ्याच्या तोंडी गावाचे नावच 'जानेफय' होईल, पण ते असो.) समजा, 'जानेफळ परिसरातील बोली' असा विषय एखाद्याने घेतला. नमुनेदार गृहीतक असे येईल : 'शिक्षण, वय व प्रसारमाध्यमे यांच्या प्रभावामुळे बोलीतील मूळ रूपे लोप पावत असावीत.' या एका वाक्यात तीन कारणे आहेत, 'मूळ रूपे' ही अमर्याद पिशवी आहे, आणि 'लोप पावणे' ही कालांतराने घडणारी क्रिया आहे, तर पाहणी एकाच वर्षातली. वयाचा फरक दिसला आणि शिक्षणाचा दिसला नाही, तर काय लिहिणार? 'अंशतः सत्य.' तो निर्णय कोणावरचा आहे? कोणावरचाच नाही.

हेच वाक्य अरुंद करू. 'जानेफळात वाढलेल्या साठीपुढच्या भाषकांत, वीस ते पंचवीस वयाच्या भाषकांपेक्षा, '-ले' प्रत्यय प्रामुख्याने वापरणारे अधिक आहेत.' लोपाची भाषा गेली, कारणाची गेली. उरला दोन गटांमधला एक फरक. आता याचा आराखडा. प्रत्येक गटातील वीस माणसे. प्रत्येकाशी अर्धा तास गप्पा, ध्वनिमुद्रण. '-ला' किंवा '-ले' यांपैकी काहीही येऊ शकले असते अशा सगळ्या जागा मोजायच्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जागी '-ले' असेल तर तो भाषक '-ले वापरणारा'. मोजणीचे एकक माणूस, प्रत्यय नव्हे. ही चूक बोलीअभ्यासात सर्रास होते : एक बोलघेवडा आजोबा अर्ध्या तासात दीडशे वेळा '-ले' म्हणतो, आणि मग 'ज्येष्ठांच्या बोलण्यात अमुक शे वेळा' असा भारदस्त आकडा तयार होतो, प्रत्यक्षात तो एका माणसाचा असतो.

समजा, मोजणी अशी आली : साठीपुढच्या वीसपैकी सतरा, तरुणांच्या वीसपैकी अकरा. (हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणाच्या पाहणीतले नाहीत.) फरक डोळ्यांना दिसतो. पण एवढा फरक वीस-वीस माणसांत अपघातानेही येतो का? इथे संख्याशास्त्रातील काय-वर्ग ही कसोटी लावतात. वय आणि प्रत्यय यांचा काही संबंध नसता, तर चाळिसांतले '-ले' वापरणारे अठ्ठावीस जण दोन्ही गटांत चौदा-चौदा आले असते. प्रत्यक्ष संख्या या अपेक्षेपासून तीनने सरकली आहे. या सरकण्याचे वर्ग करून अपेक्षित संख्यांनी भागले आणि चारही घरांची बेरीज केली, की ४.२९ येतात. शेकडा पाचची रेघ ३.८४ वर आहे. ४.२९ पलीकडे गेले. अभ्युपगमाला आधार मिळाला.

पण थांबा. माणसे थोडी असली की हा आकडा जरा फुगतो, म्हणून येट्स यांनी एक दुरुस्ती सुचवली आहे : प्रत्येक सरकणे अर्ध्याने कमी करून मग वर्ग करा. तीनऐवजी अडीच. मग बेरीज २.९८ येते. ती ३.८४ च्या अलीकडे आहे. आधार मिळाला नाही. माणसे तीच, ध्वनिफिती त्याच, मोजणी तीच, आणि दोन मान्यताप्राप्त कसोट्यांचे दोन विरुद्ध निर्णय.

आता प्रामाणिकपणे सांगावे : प्रबंध सादर करण्याच्या आदल्या महिन्यात ही दोन्ही उत्तरे टेबलावर असताना संशोधक कोणते छापील? आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? दोन्ही पद्धती पुस्तकांत आहेत. त्याने खोटे काही लिहिलेले नाही. फक्त निकाल पाहून न्यायाधीश निवडला आहे. म्हणून कसोटीचे नाव, दुरुस्तीसह की दुरुस्तीविना, आणि रेघ कुठे, हे ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसाआधी कागदावर हवे. दुरुस्तीसह असे आधी ठरले असेल, तर २.९८ वर निर्णय 'आधार मिळाला नाही' हाच, आणि तो तसाच छापावा. 'तरुणांतही प्रत्यय तितकाच टिकून आहे हे सिद्ध झाले' असेही त्याचे भाषांतर करू नये; चाळीस माणसांत तेवढे सांगायची ताकद नाही. तितके सांगायचे असेल तर माणसे वाढवावीत, आणि किती वाढवायची तेही आधी ठरवावे. फरक रेघेपार जाईपर्यंत एकेक आजोबा जोडत जाणे हेही हेत्वन्तरच.

या पाहणीत इतर गोष्टी दिसतीलच. कदाचित बायकांच्या बोलण्यात '-ले' जास्त आढळेल. कदाचित मेहकरला शिकायला जाणारी मुले आईशी बोलताना एक आणि मित्रांशी बोलताना दुसरे रूप वापरत असतील. बोलीच्या अभ्यासातला खरा आनंद बहुधा अशाच ठिकाणी असतो आणि ते सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी 'आढळलेल्या इतर गोष्टी' असे स्वतंत्र प्रकरण करावे आणि त्यातल्या कशापुढेही 'सिद्ध' हा शब्द लावू नये. पुढच्या संशोधकाला तिथून प्रतिज्ञा मिळेल. आज होते ते असे, की या आढळलेल्या गोष्टी हळूच पहिल्या प्रकरणात नेऊन 'असावे' लावून बसवल्या जातात, आणि मग त्या सत्य ठरल्या म्हणून पाठ थोपटली जाते. ज्या ध्वनिफितींतून कल्पना सुचली, त्याच ध्वनिफिती तिची साक्ष देतात. कोणत्या न्यायालयात हे चालते?

उपाय अवघड नाही. तीन रकान्यांचा एक तक्ता : अभ्युपगम, त्याची सामग्री व कसोटी, निर्णय. पहिले दोन रकाने आराखड्याबरोबर भरून, तारीख घालून, मार्गदर्शकाकडे बंद पाकिटात, तिसरा कोरा. प्रत्येक ओळीत एकच कसोटी. एका अभ्युपगमाला दोन कसोट्या लागत असतील, तर ते दोन अभ्युपगम आहेत; ते फोडावेत. कोणत्याच अभ्युपगमाला न जोडलेली कसोटी असेल, तर ती तक्त्यात कशाला आली ते विचारावे. शेवटच्या प्रकरणात हाच तक्ता, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. फक्त तिसरा रकाना भरलेला. वैद्यकाने हे केव्हाच पत्करले : भारतात औषधचाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी तिच्यात नोंद करणे बंधनकारक झाले. तिथे औषधे पणाला असतात आणि आपल्याकडे फक्त प्रत्यय, असे कोणी म्हणेल. पण घाटावर '-ले' टिकले आहे की नाही, हे आणखी वीस वर्षांनी कोणाला जाणून घ्यायचे असेल, तेव्हा त्याच्यापुढे आपले प्रबंधच असणार. ओट्यावरचे आजोबा नसतील.

तोंडी परीक्षेला जाणाऱ्या बहिःस्थ परीक्षकांना एकच विनंती. प्रबंधाचे पहिले आणि शेवटचे प्रकरण शेजारी-शेजारी उघडून ठेवावे, गृहीतक क्रमांक तीनवर बोट ठेवावे आणि विचारावे : हे कोणत्या पानावर, कशाने तपासले, आणि काय आढळले असते तर तुम्ही ते खोटे म्हणाला असता?